कोरड्या त्वचेचं बाळ आणि उन्हाचं क्रीम: किती लावायचं, कोणतं घ्यायचं

दिवाळीच्या पाडव्याला बहीण दोन्ही मुलांना घेऊन संभाजीनगरहून आली. धाकटा दोन वर्षांचा. त्याची चड्डी बदलताना माझं लक्ष त्याच्या नडग्यांकडे गेलं. राखाडी, खरखरीत, आणि नखाने हलकेच ओढलं की पाटीवर खडूने काढावी तशी पांढरी रेघ उमटत होती. बहीण म्हणाली, "ताई, रोज दोन वेळा लोशन लावते गं मी. तरी हे असंच." मी बाटली मागितली. १०० मिलीची बाटली, दसऱ्याला उघडलेली, आणि पाडव्याला अर्धी शिल्लक. लोशन कुठलं हे वाचायच्या आधीच मला निम्मं उत्तर मिळालं होतं.

मी फार्मसिस्ट आहे. चौदा वर्षं औषधाच्या दुकानाच्या काउंटरमागे उभी आहे. हिवाळ्यात "बाळासाठी चांगलं क्रीम द्या" आणि मार्चनंतर "मुलांना चालेल असं सनस्क्रीन द्या" हे दोन प्रश्न रोज ऐकते. विचारणारे नाव विचारतात. किती लावायचं, कधी लावायचं हे फार थोडे विचारतात. म्हणून हा लेख. बहिणीच्या दोन मुलांचं उदाहरण धरून सांगते, म्हणजे आकडे डोळ्यांसमोर राहतील.

आधी बघा, नुसती कोरडी आहे का

त्वचेचा सगळ्यात वरचा थर विटांच्या भिंतीसारखा असतो. पेशी म्हणजे विटा, आणि त्यांच्या मधला चुना म्हणजे सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल आणि इतर स्निग्ध पदार्थ. लहान मुलांची ही भिंत पातळ असते आणि तिच्यातून पाणी लवकर उडून जातं. मराठवाडा, नगर, नाशिक, पुणे या भागात दिवाळीनंतर हवा कोरडी पडली की हे पाणी आणखी झपाट्याने जातं. कोकणात आणि गोव्यात हवेतच ओलावा असल्यामुळे तिथे हा त्रास कमी दिसतो. तिकडचं बाळ डिसेंबरात घाटावर आजोळी आलं की आठवड्याभरात गाल फुटतात, ते याचमुळे.

नुसती कोरडी त्वचा खरखरीत लागते, थोडी खवले धरते, पण लाल नसते आणि बाळ तिच्यामुळे झोपेतून उठत नाही. गालांवर, कोपराच्या आणि गुडघ्याच्या आतल्या घडीत, मनगटावर लाल चट्टे असतील, बाळ रात्री खाजवत असेल आणि हे पुन्हापुन्हा येत असेल, तर तो एक्झिमा असतो. त्यालाही पुढची सगळी निगा लागतेच, पण सोबत डॉक्टरांचं औषध लागतं. नडग्यांवर माशासारखे खवले, तळहातांवर गरजेपेक्षा जास्त रेषा आणि घरात आणखी कुणाची तशीच त्वचा, असं असेल तर तो आनुवंशिक प्रकार असू शकतो. तोही एकदा त्वचारोगतज्ज्ञांना दाखवून घ्यावा.

दोन गोष्टींसाठी मात्र थांबायचं नाही. चट्ट्यांवर मधाच्या रंगाची खपली किंवा पू आला, तर जंतुसंसर्ग झालाय, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. आणि एक्झिमाच्या जागी पाण्याने भरलेल्या बारीक फोडांचा पुंजका उठला, बाळाला ताप आला, ते मलूल झालं, तर रात्र असली तरी रुग्णालय गाठा. ते नागिणीच्या जातीच्या विषाणूचं संक्रमण असू शकतं आणि त्याला वेळेत औषध लागतं.

माझ्या भाच्याला यातलं काही नव्हतं. लाली नाही, घड्या स्वच्छ, झोप शांत. नुसती कोरडी त्वचा.

अंघोळ

बहिणीच्या घरी अंघोळ वीस मिनिटांची होती. पाणी चांगलं कडकडीत, कारण "थंडीत बाळाला शेक मिळतो". मग साबण सगळ्या अंगाला. मग टॉवेलने खसखसून पुसणं, कपडे, पावडर, आणि लोशन दुपारी झोपवताना. यात जवळपास प्रत्येक पायरी त्या भिंतीतला चुना धुऊन काढणारी होती.

बदल असे केले. पाणी कोमट, म्हणजे आपलं कोपर बुडवलं तर ऊनही लागू नये आणि गारही. वेळ पाच ते दहा मिनिटं. रोज अंघोळ घालायला हरकत नाही. साबण फक्त काखा, जांघा, मानेच्या घड्या, हातांचे पंजे, पावलं आणि बूड एवढ्यालाच, तोही शेवटच्या दोन मिनिटांत. बाकीच्या अंगाला नुसतं पाणी पुरतं, दोन वर्षांचं बाळ काही तेलकट मळ साठवत नाही.

साबणाबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण इथे फसगत फार होते. आपल्या त्वचेचा सामू, म्हणजे पीएच, साधारण ५ च्या आसपास, म्हणजे किंचित आम्ल असतो. खराखुरा साबण, मग त्यावर बाळाचं चित्र असो की नसो, ९ ते १० सामूचा असतो. वेष्टनावर घटकांत पहिल्यांदा सोडियम पामेट किंवा सोडियम पाम कर्नेलेट लिहिलेलं दिसलं की तो साबणच. लोक टीएफएम ७६ टक्क्यांच्या वर आहे ना, पहिल्या दर्जाचा आहे ना, एवढं बघतात. तो आकडा साबणात स्निग्धांश किती ते सांगतो, सामू सांगत नाही. कोरड्या त्वचेसाठी सिंडेट घ्यायचा. दिसायला वडीच, पण रासायनिकदृष्ट्या साबण नव्हे. त्याच्या घटकांत सुरुवातीलाच सोडियम कोकॉयल आयसेथिओनेट असं नाव येतं, आणि बऱ्याचदा पीएच ५.५ असं छापलेलं असतं. किंमत साध्या साबणाच्या दुप्पट-तिप्पट असते, पण वर सांगितल्याप्रमाणे वापरली तर एक वडी बाळाला तीन-चार महिने सहज जाते.

बोअरवेलच्या किंवा टँकरच्या पाण्याचा प्रश्न बहिणीनेही विचारला. बादलीच्या कडेला पांढरा थर बसतो, फेस होत नाही, ते जड पाणी. जड पाण्याच्या भागात मुलांमध्ये एक्झिमा जास्त आढळतो, हे खरं. पण इंग्लंडमध्ये एक्झिमा असलेल्या मुलांच्या घरी पाणी मऊ करणारं यंत्र बसवून अभ्यास केला गेला, तो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि यंत्रामुळे एक्झिमा अधिक बरा झाला असं काही दिसलं नाही. त्यामुळे हजारो रुपयांचं यंत्र घेण्याआधी साबण कमी करा. जड पाण्यात साबणाचाच साका त्वचेवर बसतो.

उटणं, डाळीचं पीठ आणि कणकेचा गोळा या तिन्हींबद्दल आज्यांची माफी मागून सांगते: दोन वर्षांच्या कोरड्या त्वचेवर ते चोळू नका. दिवाळीची पहिली अंघोळ म्हणून कपाळाला आणि हाताला उटण्याचं बोट लावलं, बस. लव जावी म्हणून कणकेचा गोळा फिरवतात, त्याने लव जात नाही, वरचा थर मात्र खरवडला जातो. शिवाय फुटलेल्या त्वचेतून खाण्यातली प्रथिनं आत गेली की त्या पदार्थाची अ‍ॅलर्जी होण्याची शक्यता वाढते. शेंगदाण्याच्या बाबतीत हे चांगलं अभ्यासलं गेलंय.

तीन मिनिटं आणि बोटाचं माप

अंघोळ झाली की टॉवेल नुसता टेकवायचा, घासायचा नाही. अंग किंचित ओलं असतानाच, साधारण तीन मिनिटांच्या आत, क्रीम लागलं पाहिजे. मी बहिणीला क्रीमची बरणी न्हाणीघराच्या दाराशीच ठेवायला सांगितली. कपाटात ठेवली की तीन मिनिटं ती काढण्यात जातात, आणि दोन वर्षांचं पोर तोवर उघडंच दुसऱ्या खोलीत पळालेलं असतं.

आता माप. आपल्या, म्हणजे मोठ्या माणसाच्या, तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून क्रीमची पट्टी काढली तर ती साधारण अर्धा ग्रॅम भरते. याला एक बोट म्हणू. एक ते दोन वर्षांच्या मुलाला चेहरा आणि मान मिळून दीड बोट लागतं. एका पूर्ण हाताला दीड, एका पूर्ण पायाला दोन, छाती-पोटाला दोन, पाठ आणि बुडाला तीन. दोन हात, दोन पाय धरून बेरीज साडेतेरा बोटं होते, म्हणजे जवळपास सात ग्रॅम. दिवसातून दोनदा लावलं तर चौदा ग्रॅम. आठवड्याला जवळपास शंभर.

आता ती बाटली आठवा. दसरा ते पाडवा तीन आठवडे. भाच्याला या काळात ३०० ग्रॅमच्या आसपास लागायला हवं होतं, लागलं होतं ५० मिली. दोन वेळा लावत होती हे अगदी खरं, पण प्रत्येक वेळी लागायला हवं त्याच्या सहाव्या भागाएवढंच. हातावर थेंबभर घेऊन सगळ्या अंगावर पसरवत होती. आई कंजूस नव्हती, तिला कुणी माप सांगितलंच नव्हतं.

म्हणून घेतानाच मोठी बरणी किंवा पंपाची बाटली घ्या, ४०० ते ५०० ग्रॅमची. ग्रॅममागे किंमत काढा. दीडशे रुपयांची ५० ग्रॅमची नाजूक ट्यूब आणि साडेपाचशेची ४०० ग्रॅमची बरणी यांत बरणी अर्ध्याहून कमी भावात पडते, आणि हात मोकळा राहतो. बरणी असेल तर स्वच्छ कोरडा चमचा वापरा, ओला हात आत घालू नका.

लावायचं ते ठिपके ठिपके ठेवून, केसांच्या दिशेने, वरून खाली. जोरात मुरवायचं नाही. थोडा तुकतुकीत थर दिसत राहिला तर तेच हवं आहे. उलट्या दिशेने चोळलं की केसांच्या मुळाशी बारीक पुटकुळ्या येतात.

क्रीम, मलम की तेल

कोरडी त्वचा फार असेल आणि थंडी असेल तर दाट क्रीम किंवा मलम. पेट्रोलियम जेली हे सर्वांत साधं, स्वस्त आणि सहसा न चुरचुरणारं मलम. घटकांत ग्लिसरीन, पेट्रोलॅटम किंवा लिक्विड पॅराफिन, सिरॅमाइड असं काही असावं. परफ्यूम, पार्फम, फ्रॅग्रन्स यांपैकी शब्द दिसला तर ठेवून द्या, लॅव्हेंडर वगैरे सुगंधी तेलं असली तरीही. लोशनमध्ये पाणी जास्त असतं, म्हणून ते पटकन मुरतं आणि पटकन संपतं. ते फेब्रुवारी-मार्चनंतर ठीक. उन्हाळ्यात दाट मलम तसंच चालू ठेवलं तर मानेवर आणि पाठीवर घामोळ्या येतात. आल्या तर मलम बंद करून हलक्या लोशनवर या, कोरडेपणासाठी घाबरून आणखी मलम थापू नका. युरिया असलेली क्रीम मोठ्यांच्या भेगांना छान, पण एवढ्या लहान मुलांना चुरचुरतात. ती डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नकोत.

तेल लावून मालिश करायची आपली पद्धत मोडायची गरज नाही. खोबरेल तेल अंघोळीआधी लावा, चालेल. फक्त ते साबणाने धुऊन जातं, त्यामुळे अंघोळीनंतरचं क्रीम चुकवता येत नाही. शहरांत हल्ली ऑलिव्ह ऑइलची मालिश सुरू झालीय. त्यात ओलिक आम्ल जास्त असतं आणि ते वरच्या थराची बांधणी ढिली करतं. कोरड्या त्वचेच्या बाळाला ऑलिव्ह नको, मोहरीचं तेलही नको.

एक धोका फारसा कुणी सांगत नाही. पॅराफिनची किंवा जेलीची क्रीम रोज लागली की ती कपड्यांत, दुपट्यात मुरते, आणि असं कापड ज्वाळेजवळ गेलं तर साध्या कापडापेक्षा खूप भराभर पेटतं. धुतल्यानेही पूर्ण जात नाही. दिवाळीत पणत्या, फुलबाज्या, एरवी देवापुढचं निरांजन, गॅसची शेगडी. क्रीम लावलेलं मूल यांच्यापासून लांब ठेवा.

आणि माझ्या काउंटरवरची सगळ्यात मोठी कळकळ. "मागच्या वेळी शेजारच्यांच्या बाळाला गुण आला होता, तीच ट्यूब द्या" असं म्हणून लोक स्टेरॉइडची मिश्र ट्यूब मागतात. ट्यूबवर क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन यांपैकी नाव असेल तर ते स्टेरॉइड आहे. एक्झिमाला डॉक्टर ते मोजून, मुदतीत देतात, आणि तेव्हा ते न घाबरता वापरायचं. पण नुसत्या कोरडेपणावर, चेहऱ्यावर, आपल्या मनाने, महिनोन्‌महिने लावलं तर बाळाची त्वचा पातळ होते, लाल होते, बारीक शिरा दिसायला लागतात. चिठ्ठीशिवाय ते कुठल्याच दुकानातून मिळू नये. मिळालं तरी घेऊ नका.

भाच्याचं दोन आठवड्यांत काय झालं? तिसऱ्या दिवशी खरखर कमी झाली, दहाव्या दिवशी बहिणीने फोनवर सांगितलं की नखाने ओढलं तर रेघ उठत नाही. तेव्हा मी दोनदाचं एकदा करू दिलं नाही. थंडी संपेपर्यंत दोनदा, मग रोज अंघोळीनंतर एकदा. माप पाळून दोन आठवड्यांत फरकच पडला नाही तर मात्र कारण वेगळं आहे, दाखवायला हवं.

थोरलीच्या गालावरचे डाग

त्याच पाडव्याला थोरल्या भाचीचे गालही मला दिसले. ती सहा वर्षांची. दोन्ही गालांवर रुपयाएवढे फिकट डाग. बहिणीच्या सासूबाईंनी जंत म्हणून औषध दिलं होतं, कुणी कॅल्शियम कमी म्हणून सिरप सुचवलं होतं, सहा महिन्यांत दोन बाटल्या संपल्या होत्या. डाग तिथेच.

हे डाग बहुधा जंतांचे नसतात आणि कॅल्शियमचेही नसतात. कोरड्या त्वचेच्या मुलांमध्ये गालांवर एक्झिमाचा अगदी सौम्य प्रकार होतो, इतका सौम्य की लाली कुणाच्या लक्षात येत नाही. तो विरताना त्या जागेचा रंग काही काळ फिका राहतो. मग मूल उन्हात खेळतं, आजूबाजूचा गाल सावळा होतो, डागाची जागा तशीच राहते, आणि डाग "अचानक उठले" असं वाटतं. खरं तर उन्हाने डाग केले नाहीत, उठून दाखवले. कडा अंधुक, वर पिठासारखा बारीक कोंडा, अशी याची खूण. खडूसारखा पांढराशुभ्र, कडा रेखीव असा डाग असेल तर कोड आहे का ते तपासून घ्यावं. डागावर स्पर्श कळत नसेल तर लगेच डॉक्टरांकडे जावं, कारण कुष्ठरोगाची सुरुवात तशी होऊ शकते आणि तो वेळेत पूर्ण बरा होतो.

भाचीला दोनच गोष्टी लागणार होत्या. गालांना दिवसातून दोनदा तेच साधं क्रीम, आणि उन्हात सनस्क्रीन. डाग जायला काही महिने लागतात हे आधीच सांगून ठेवलं, नाहीतर तिसऱ्या आठवड्यात पुन्हा सिरप आलं असतं.

सनस्क्रीन कधी लागतं

सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला सनस्क्रीन लावायचंच नाही. त्याला सावली, टोपी, अंगभर पातळ सुती कपडा. त्यानंतरही आधी कपडा, मग क्रीम. पूर्ण बाह्यांचा शर्ट दर दोन तासांनी पुन्हा लावावा लागत नाही आणि डोळ्यांत जात नाही.

ऊन किती कडक हे कळायला अंगणात उभं राहून सावली बघा. सावली आपल्यापेक्षा लांब असेल तर अतिनील किरण सौम्य. आपल्यापेक्षा आखूड झाली की जपायचं. महाराष्ट्रात एप्रिल-मेमध्ये भर दुपारी अतिनील निर्देशांक ११ च्या पुढे जातो, आणि ३ किंवा त्याहून जास्त झाला की संरक्षण सुरू करावं असा सल्ला आहे. हवामानाच्या अ‍ॅपवर हा आकडा रोज दिसतो. सकाळी सातची शाळेची रांग यात येत नाही. अकराचा खेळाचा तास, मे महिन्यातला दुपारचा पोहण्याचा वर्ग, दिवेआगर किंवा कळंगुटच्या किनाऱ्यावरचा दिवस, शेतावरची सहल, हे येतं.

माझं स्पष्ट मत आहे की आपल्या सावळ्या-गव्हाळ मुलांना घरातून शाळेत दहा मिनिटं जाण्यासाठी रोज सनस्क्रीन थापायची गरज नाही. आणि मूल काळं पडू नये म्हणून तर मुळीच नाही. ते होरपळू नये, गालावरचे डाग उठून दिसू नयेत, तासन्‌तास कडक उन्हात असताना त्वचेची हानी होऊ नये, यासाठी ते आहे. ड जीवनसत्त्वाचं काय, असं विचारतात. कोवळ्या उन्हात, लांब सावलीच्या वेळी, ते फारसं तयार होतच नाही. सावली आखूड झालेली असताना हातापायांवर थोडा वेळ ऊन पडलं तर होतं. तेवढं ऊन खेळताना मिळू द्या. बाळ एक वर्षाच्या आतलं असेल तर ड जीवनसत्त्वाचे थेंब डॉक्टर देतातच.

डब्याची मागची बाजू

पुढची बाजू विसरा. "किड्स", "नॅचरल", "डर्मा" हे शब्द कुणीही छापतो. भारतात सनस्क्रीन सौंदर्यप्रसाधनात मोडतं, अमेरिकेत ते औषध म्हणून तपासलं जातं. त्यामुळे आपल्याला घटक स्वतः वाचावे लागतात.

दोन नावं शोधायची: झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड. हे खनिज चूर्ण त्वचेच्या वरच राहतं. २०१९ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने बाजारातल्या सोळा सनस्क्रीन घटकांचा आढावा मांडला, त्यात पुरेशी माहिती असलेले सुरक्षित घटक म्हणून हीच दोन नावं होती. बारा घटकांबद्दल अधिक माहिती मागितली, कारण त्यांतले काही त्वचेतून रक्तात उतरतात असं दिसलं होतं. रक्तात उतरणं म्हणजे अपाय सिद्ध झाला असं नव्हे, पण दहा वर्षांखालच्या मुलाच्या बाबतीत सोपा पर्याय हाताशी असताना मी तोच घेते. दोन्हींत झिंक अतिनील ए किरण अधिक चांगले अडवतं, म्हणून झिंक पहिलं.

इथे एक चकवा आहे. पुढे मोठ्या अक्षरांत झिंक, आणि मागे एथिलहेक्सिल मेथॉक्सीसिनामेट किंवा बेन्झोफेनोन-३. ही अनुक्रमे ऑक्टिनॉक्सेट आणि ऑक्सिबेन्झोनची दुसरी नावं. म्हणजे डबा मिश्र आहे. ऑक्सिबेन्झोनला युरोपीय संघाने २०२२ मध्ये मर्यादा आणखी कडक केली. लहानांसाठी मी तो टाळते.

मग आकडे. एसपीएफ ३० ते ५०. एसपीएफ ३० होरपळवणारे ९७ टक्के किरण अडवतं, ५० साधारण ९८. त्यापुढच्या आकड्यासाठी पैसे मोजू नका. एसपीएफ फक्त बी किरणांचं सांगतं, म्हणून सोबत ब्रॉड स्पेक्ट्रम किंवा पीए+++ असावं. पोहायचं असेल तर वॉटर रेझिस्टंट, आणि तो ४० मिनिटं की ८० ते वाचा. सुगंध नको. स्प्रे आणि पावडर नको, ते श्वासातून आत जातं. एक्स्पायरी, उत्पादन परवाना क्रमांक पाहा, आणि ट्यूब उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नका. घरगुती खोबरेल तेलाला सनस्क्रीन मानू नका, मेच्या उन्हात ते पुरत नाही.

घेतल्यावर लगेच सगळ्या चेहऱ्याला लावू नका. कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेत सकाळ-संध्याकाळ चार दिवस लावून बघा. लाल झालं, खाज आली तर ते त्या मुलासाठी नाही.

भाचीचा पोहण्याचा दिवस

मे महिना, वर्ग तीन वाजता, तलाव उघड्यावर. तीनला सावली बऱ्यापैकी आखूड असते. सव्वादोनला बहीण साधं क्रीम लावते आणि दहा मिनिटं थांबते. दोन्ही एकत्र कालवायचं नाही, त्याने सनस्क्रीन पातळ होतं. मग सनस्क्रीन. चेहरा, कान आणि मान मिळून दोन बोटं, मघाचंच बोट. अंगात पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा पोशाख आहे, त्यामुळे उरतात हातांचे पंजे, गुडघ्याखालचे पाय आणि पावलं. त्यांना मिळून पाच बोटं. एकूण साडेतीन ग्रॅम. दोन तासांनी पुन्हा लागलं तर सात. म्हणजे पन्नास ग्रॅमची ट्यूब फार तर चौदा वर्गांना पुरेल, आणि कमी मापाने लावलं तर एसपीएफ ५० चा प्रत्यक्ष परिणाम निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येतो.

झिंकने चेहरा पांढरट दिसतो. भाचीने पहिल्या दिवशी तोंड फिरवलं. मग बहिणीने आरशासमोर तिलाच बोटाने ठिपके लावू दिले. त्या पांढरेपणाचा उपयोगही आहे: कुठे राहिलं ते दिसतं. कानांच्या पाळ्या, मानेची मागची बाजू, पावलांची वरची बाजू आणि भांग, या जागा नेहमी सुटतात. डोळ्यांभोवती कांडीसारखी स्टिक बरी, ओघळत नाही. दोन वर्षांच्या धाकट्याला लावताना मात्र त्याचे पंजे सोडून द्यायचे, कारण ते थेट तोंडात जातात. त्याला टोपी आणि बाह्या.

पाण्यातून बाहेर येऊन टॉवेलने पुसलं की वेळ झाला नसला तरी पुन्हा लावायचं, अजून उन्हात राहणार असाल तर. घरी आल्यावर क्लोरीनचं पाणी आणि झिंक दोन्ही त्या सिंडेटने, कोमट पाण्याने धुवायचं, टॉवेल टेकवायचा, आणि तीन मिनिटांच्या आत दाराशी ठेवलेल्या बरणीतलं क्रीम.

जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आधी बहिणीने फोटो पाठवला. डावा गाल सारखा झाला होता. उजव्यावर डागाची कड अजून थोडी कळत होती, तिथे क्रीम चालू आहे.